गेटवेजवळून जाणारी रेघ

नेटवर्क मंद असलं की ऑनलाइन नकाशाची घडण उघडी पडते. आधी राखाडी पडदा दिसतो, मग इथे एक चौकोन भरतो, तिथे दुसरा, आणि सगळे भरले की शहर अखंड दिसू लागतं. हे चौकोन घाईत पाडलेले नसतात. जगाचा नकाशा मुळातच अशा चौकोनी तुकड्यांत कापून ठेवलेला असतो. या तुकड्यांना टाइल म्हणतात. ही कापाकापी कशी होते आणि कापलेल्या कडा पुन्हा जुळवताना काय अडचणी येतात, हे एका ओळखीच्या जागेवर उभं राहून पाहू. ती जागा म्हणजे मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया.

आधी तुकडे का पाडावे लागले ते पाहू. गेल्या शतकाच्या अखेरीस मॅपक्वेस्टसारख्या संकेतस्थळांवर नकाशा दिसायचा तो एका सलग चित्राच्या रूपात. तुम्ही उजवीकडच्या बाणावर टिचकी मारली की सर्व्हर तुमच्यासाठी नवं चित्र काढायचा आणि पान पुन्हा उघडायचं. तुमच्या चित्राची चौकट शेजाऱ्याच्या चौकटीहून थोडी सरकलेली असली, तरी त्याच्यासाठी सगळं चित्र नव्याने काढावं लागे. एकदा काढलेलं चित्र दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची शक्यता फार कमी असे. फेब्रुवारी 2005 मध्ये गूगल मॅप्स आलं आणि नकाशा बोटाने, म्हणजे तेव्हा माउसने, ओढता येऊ लागला. त्यामागची युक्ती साधी होती. चौकटी आधीच ठरवून टाकायच्या, सगळ्या जगाने त्याच चौकटी मागायच्या, आणि एकदा काढलेला तुकडा जपून ठेवून लाखो लोकांना द्यायचा. नकाशा सरकवला तरी पडद्यावर नव्याने येणारे चार-सहा तुकडेच मागवावे लागतात, बाकीचे तिथे असतातच.

चौकटी ठरवायच्या तर जगाला आधी चौकोनी करायला हवं. त्यासाठी 1569 सालची मर्केटरची पद्धत थोडी बदलून वापरतात. या पद्धतीत विषुववृत्तापासून दूर जावं तसे अक्षांशांमधले अंतर ताणले जातात आणि ध्रुव तर अनंतावर जातो. म्हणून नकाशा उत्तरेला आणि दक्षिणेला 85.05 अंशांवर तोडतात. हा आकडा कुणी सोयीसाठी गोल करून घेतलेला नाही. तिथे तोडलं की नकाशाची उंची आणि रुंदी बरोबर सारखी होते, आणि जग एका चौरसात बसतं. या पद्धतीत ग्रीनलंड अवाढव्य दिसतं, हा आक्षेप रास्त आहे. पण गल्लीबोळ पाहणाऱ्याला तिचा एक मोठा फायदा होतो. लहान भागाचा आकार ती बिघडवत नाही, म्हणून काटकोनात मिळणारे रस्ते नकाशावरही काटकोनातच मिळतात, मग ते शहर मुंबई असो की स्टॉकहोम. गूगलने अगदी सुरुवातीला वेगळी पद्धत वापरली होती, तेव्हा उत्तरेकडच्या शहरांत हे रस्ते तिरके दिसत.

आता कापणी. शून्य झूमवर सगळं जग एकाच टाइलमध्ये असतं, 256 पिक्सेल रुंद आणि तेवढंच उंच. झूम एकने वाढला की प्रत्येक टाइलचे चार तुकडे होतात. पहिल्या पातळीवर 4, दुसऱ्यावर 16, तिसऱ्यावर 64. चौपटीचा हा हिशेब फार लवकर हाताबाहेर जातो. 19 व्या पातळीवर टाइलांची संख्या 27 हजार 487 कोटींच्या वर जाते. एवढी चित्रं कुणी आधीच काढून ठेवत नाही. पृथ्वीचा बहुतेक भाग समुद्र, वाळवंट आणि बर्फ आहे, तिथला बारीक तुकडा क्वचितच कुणी मागतो. म्हणून खोलवरच्या पातळीवर जो तुकडा मागितला जाईल तोच काढायचा आणि काढला की साठवायचा, अशी पद्धत असते.

प्रत्येक तुकड्याला तीन आकड्यांचा पत्ता असतो: झूम, पश्चिमेकडून मोजलेला स्तंभ आणि उत्तरेकडून मोजलेली ओळ. अक्षांश-रेखांश माहीत असले की हा पत्ता कोष्टकात शोधावा लागत नाही, तो गणिताने काढता येतो:

```
x = floor( (lon + 180) / 360 * 2^z )
y = floor( (1 - asinh(tan(lat * π / 180)) / π) / 2 * 2^z )
```

पहिली ओळ म्हणजे निव्वळ भागाकार आहे. दुसरीत जे त्रिकोणमितीचं प्रकरण दिसतं ते मर्केटरच्या ताणामुळे. गेटवेचं स्थान 18.9220 उत्तर, 72.8347 पूर्व असं धरलं आणि 15 व्या झूमचा पत्ता काढला, तर स्तंभ येतो 23013 आणि ओळ 14629. दशांश चिन्हापुढचा भाग टाकून न देता पाहिला, तर गेटवे त्या टाइलमध्ये नेमकं कुठे आहे तेही कळतं: डावीकडून 147 पिक्सेल, वरून 125. म्हणजे जवळपास मध्यावर.

या पत्त्याची एक गंमत अशी की आई-मुलांचं नातं आकड्यांतच दिसतं. 23013 ची दुप्पट करून एक मिळवला की 46027, आणि 14629 ची दुप्पट 29258. या आकड्यांची टाइल 16 व्या पातळीवर 15 व्या पातळीच्या टाइलचा ईशान्येकडचा चौथा हिस्सा आहे, आणि गेटवे तिच्यातच आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून उभारलेल्या नकाशात हा तुकडा असा मागवतात:

```
https://tile.openstreetmap.org/16/46027/29258.png
```

झूम करताना नकाशा आधी धूसर दिसून मग स्पष्ट होतो, तोही याच नात्यामुळे. मुलीची टाइल येईपर्यंत ब्राउझर आईच्या टाइलचा चौथा हिस्सा ताणून दाखवतो.

मात्र झूम करणं म्हणजे एकच चित्र मोठं करणं नव्हे. प्रत्येक पातळी वेगळी आखलेली असते, आणि कुठल्या पातळीवर काय दाखवायचं हे नकाशा करणारा ठरवतो. पाचव्या झूमवर गेटवे ज्या टाइलमध्ये येतं तिच्यात जवळपास सगळा महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक मावतो. तिची पूर्वेची कडा 78.75 रेखांशावर, म्हणजे वर्धा आणि नागपूर यांच्या मधून जाते. वर्धा या टाइलमध्ये आणि नागपूर शेजारच्या. इथे राज्यांच्या सीमा आणि मोठी शहरं सोडून दुसऱ्या कशाला जागा नाही. दहाव्या झूमवर टाइलची रुंदी मुंबईच्या अक्षांशावर सुमारे 37 किलोमीटर होते. गेटवेच्या टाइलमध्ये कुलाबा आणि उरण येतात, आणि वरची कडा भायखळ्याच्या आसपास पडते. पंधराव्यावर ही रुंदी सव्वा किलोमीटरहून थोडी कमी, आणि एकोणिसाव्यावर सुमारे 72 मीटर. मुंबईच्या अक्षांशावर असं मुद्दाम म्हटलं, कारण मर्केटरच्या ताणामुळे त्याच झूमची टाइल उत्तरेकडे जमिनीचा कमी भाग दाखवते. ‘अमुक झूम म्हणजे अमुक मीटर’ असं कोष्टक कुठे दिसलं, तर ते बहुधा विषुववृत्तासाठी असतं.

कडांचा प्रश्न नवा नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे कागदी नकाशेही ठराविक चौकटींत कापलेले आहेत. मुंबई 19 अंश उत्तरेच्या रेषेवर दोन नकाशांत विभागली गेली आहे, दक्षिण मुंबई एका कागदावर आणि उपनगरं दुसऱ्यावर. पण तिथे दोन्ही कागद काढणारी माणसं तीच होती, आणि एखादं नाव कडेवर येत असलं तर ते थोडं अलीकडे सरकवत. टाइल काढणारा सर्व्हर एकेक तुकडा वेगळा काढतो, आणि तेही शेजारचा तुकडा न पाहता.

आता पुन्हा गेटवेकडे. पंधराव्या झूमवर ते टाइलच्या मध्यावर होतं. मध्यावरून टाइल कापली की गेटवे कडेला जाणार, हे ओघाने आलंच. सोळाव्या झूमवर आपला बिंदू टाइलच्या खालच्या कडेपासून जेमतेम सहा पिक्सेलवर येतो. जमिनीवर हे अंतर तेरा-चौदा मीटर भरतं. म्हणजे एक अदृश्य पूर्व-पश्चिम रेघ गेटवेच्या दक्षिण अंगाला अगदी खेटून जाते.

या रेघेने बिघडतं काय? रस्ते आणि इमारती यांचं फारसं काही बिघडत नाही, कारण त्यांची जागा पक्की असते. दोन्ही तुकड्यांत जे काढलं जाईल ते आपोआप जुळेल. अडचण येते ती नावांची. नाव कुठे लिहायचं हे नकाशा काढणारा प्रोग्राम जागेवर ठरवतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या मुख्य नकाशासाठी बराच काळ मॅपनिक नावाचा प्रोग्राम वापरला जातो. तो आधी महत्त्वाची नावं मांडतो, मग उरलेल्या जागेत कमी महत्त्वाची, आणि दोन नावं एकमेकांवर येत असतील तर एक गाळतो. ‘गेटवे ऑफ इंडिया’ हे नाव चिन्हाच्या खाली लिहायचं ठरलं, तर ते सहा पिक्सेल ओलांडून दक्षिणेच्या टाइलमध्ये जाणारच. वरच्या टाइलने नाव मांडलं आणि खालच्या टाइलने तिथे आधी जेट्टीचं नाव बसवून गेटवेचं गाळलं, तर अक्षरांची वरची अर्धी बाजू दिसेल आणि खालची गायब होईल. अर्धवट कापलेली अक्षरं, सरळ आडव्या किंवा उभ्या रेघेत तोडलेली: जुन्या ऑनलाइन नकाशांत हे नेहमी दिसायचं. नकाशात असं कापलेलं नाव दिसलं की तिथे टाइलची कडा आहे हे बेलाशक समजावं.

यावर काढलेला उपाय मला या सगळ्या प्रकारात सर्वांत शहाणपणाचा वाटतो. एक टाइल मागितली तरी सर्व्हर एक काढत नाही. तो आठ गुणिले आठ, म्हणजे 64 टाइलांचा एक मोठा गठ्ठा एकाच चित्रात काढतो आणि मग त्याचे तुकडे करतो. या गठ्ठ्याला मेटाटाइल म्हणतात. गठ्ठ्याच्या आतल्या सगळ्या कडांवर नावांचा निर्णय एकदाच झालेला असतो, म्हणून अक्षरं कापली तरी दोन्ही अर्धे बरोबर जुळतात. वर आणखी फायदा असा की माहितीसाठ्याला 64 वेळा विचारायची गरज पडत नाही.

गेटवेचं काय झालं ते तपासता येतं. सोळाव्या झूमवर रेघेच्या वरची ओळ 29258, खालची 29259. आठाच्या पाढ्यात गठ्ठा 29256 ला सुरू होऊन 29263 ला संपतो. दोन्ही ओळी एकाच गठ्ठ्यात, म्हणजे गेटवेचं नाव सुरक्षित. सतराव्या आणि अठराव्या झूमवरही हीच रेघ कायम असते, कारण एकदा पडलेली कडा पुढच्या सगळ्या पातळ्यांवर कडाच राहते. तिथेही ती गठ्ठ्याच्या आतच पडते. एकोणिसाव्या झूमवर मात्र रेघेच्या खालची ओळ 234072 येते, आणि या आकड्याला आठाने पूर्ण भाग जातो. म्हणजे रेघ गठ्ठ्याच्याच कडेवर आली. यात योगायोग नाही. सोळाव्या झूमची एक टाइल एकोणिसाव्यावर बरोबर आठ गुणिले आठ टाइलांत फुटते, म्हणून सोळाव्याची प्रत्येक कडा एकोणिसाव्यावर गठ्ठ्याची कडा होते. तिथे आपला बिंदू रेघेपासून सुमारे 48 पिक्सेल वर असतो, आणि चिन्हाखाली दोन ओळींत लिहिलेलं नाव ती रेघ सहज ओलांडू शकतं.

अशा ठिकाणी दुसरा उपाय कामी येतो. गठ्ठा काढताना प्रोग्राम त्याच्या चारी बाजूंनी थोडा जादा पट्टा धरून नावं मांडतो आणि मग तो पट्टा कापून टाकतो. दोन्ही गठ्ठ्यांना गेटवे आणि त्याच्या आसपासची ठिकाणं दिसतात, नियमही तेच असतात, म्हणून निर्णय बहुधा सारखाच होतो. ‘बहुधा’ अशासाठी की नावांची ढकलाढकली साखळीसारखी असते. पट्ट्याच्या बाहेरच्या एका नावाने आतल्या नावाला हटवलं आणि त्याने तिसऱ्याला जागा दिली, तर एका गठ्ठ्याला ही साखळी दिसते आणि दुसऱ्याला नाही. पट्टा रुंद केला की हा धोका घटतो, पण चित्र काढायला वेळ वाढतो. त्याचा शंभर टक्के बंदोबस्त होत नाही.

साठवून ठेवलेल्या टाइलांची दुसरी खोड म्हणजे त्या शिळ्या होतात. जानेवारी 2024 मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतू वाहतुकीला खुला झाला. असा सुमारे 22 किलोमीटरचा पूल नकाशात रंगवायचा किंवा ‘बांधकाम चालू’ची खूण काढायची, तर माहितीसाठ्यात एकच बदल पुरतो. पण टाइल किती बदलाव्या लागतील? सोळाव्या झूमवर पूल सुमारे चाळीस-पन्नास टाइलांतून जातो, एकोणिसाव्यावर तीनशेहून अधिक. त्या सगळ्या जुन्या झाल्याची खूण करून ठेवावी लागते आणि मागणी आली की नव्याने काढाव्या लागतात. दहाव्या झूमवर पुलासाठी दोनच टाइल पुरतात: शिवडीचं टोक भायखळ्याजवळच्या त्या कडेच्या वर आहे आणि उरणकडचं टोक खाली. पण या दोन टाइल जड असतात, त्यांत सगळं महानगर येतं, म्हणून लहान झूमच्या टाइल क्वचितच नव्या करतात. वरची टाइल नवी आणि खालची जुनी राहिली, तर शिवडीहून निघालेला पूल समुद्रात मधेच सरळ आडव्या रेषेवर तुटलेला दिसेल. नकाशात रस्ता असा तुटलेला दिसला तर एकदा झूम बदलून पाहावा. दुसऱ्या झूमवर रस्ता अखंड असला तर माहिती बरोबर आहे आणि टाइल जुनी आहे. तिथेही तुटलेला असला तरच माहितीत चूक शोधायला हवी.

आणखी एक गफलत स्वतःचा नकाशा बनवणाऱ्यांना हमखास भेटते. ओळी उत्तरेकडून मोजायच्या की दक्षिणेकडून, यावर दोन रिवाज आहेत. ऑनलाइन नकाशे बहुतेक उत्तरेकडून मोजतात, पण ऑफलाइन वापरासाठी टाइल ज्या एमबीटाइल्स फाइलमध्ये भरतात तिथे मोजणी दक्षिणेकडून होते. हे ध्यानात न घेता गेटवेची टाइल मागितली, तर विषुववृत्ताच्या पलीकडची, तेवढ्याच दक्षिण अक्षांशाची टाइल हाती येते. तिथे हिंदी महासागर आहे, रॉड्रिग्ज बेटापासूनही हजारेक किलोमीटर पूर्वेला. मुंबई मागितली आणि निळं पाणी मिळालं, तर 65535 मधून ओळ वजा करून पाहावी. सोळाव्या झूमवर तेवढ्याने काम भागतं.

गेल्या दशकभरात टाइलच्या आतला मजकूर बदलला आहे. आता बहुतेक फोनवर चित्र येत नाही, तर त्या चौकोनातल्या रस्त्यांच्या रेषा, इमारतींचे कोपरे आणि नावं कच्च्या स्वरूपात येतात, आणि चित्र फोन स्वतः काढतो. याला व्हेक्टर टाइल म्हणतात. कापणी तीच आहे आणि पत्तेही तेच, पण खोल कापायची गरज उरत नाही. बरेच जण चौदाव्या पातळीवर थांबतात, कारण रेषा कितीही मोठी केली तरी धूसर होत नाही. चौदाव्यापुढे फोन तीच टाइल ताणतो आणि त्यावर इमारती व गल्ल्यांची नावं हळूहळू उघड करतो. एकोणिसाव्यापर्यंत जाणाऱ्या कापणीच्या तुलनेत सर्वांत खालच्या पातळीवरचे तुकडे हजार पटींहून कमी होतात. नावांचा निर्णयही आता फोनच्या पडद्यावर, सगळे तुकडे एकत्र आल्यावर होतो, त्यामुळे मेटाटाइलचा खटाटोप बराचसा संपतो.

मराठी वाचकासाठी या बदलात सोय आणि अडचण दोन्ही आहेत. चित्राच्या टाइलमध्ये नाव एकाच लिपीत कोरलेलं असतं, ते बदलायचं तर सगळ्या टाइल पुन्हा काढाव्या लागतात. व्हेक्टर टाइलमध्ये एका ठिकाणाची अनेक भाषांतली नावं सोबत पाठवता येतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नावासाठी `name:mr` अशी वेगळी नोंद असते, आणि नकाशा बनवणारा फोनला सांगू शकतो की ही नोंद असेल तर तीच दाखव. हे खरोखर मोलाचं आहे. पण मॅपबॉक्स आणि मॅपलिब्र यांसारख्या, ब्राउझरमध्ये नकाशा काढणाऱ्या प्रोग्रामांनी वेगासाठी एक आडवाट धरली होती. अक्षरं ते एकेक चिन्ह सुटं घेऊन ओळीने मांडत. रोमन लिपीला हे चालतं, देवनागरीला नाही. पहिली वेलांटी संगणकात व्यंजनानंतर नोंदलेली असते आणि दिसायला हवी व्यंजनाच्या आधी. सुटी चिन्हं मांडली की ‘शिवडी’तली वेलांटी श आणि व यांच्या मधे येऊन बसते. जोडाक्षरं जोडली जात नाहीत, ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ हलन्तांसह तीन अक्षरांत फुटतो. चित्राच्या टाइल काढणारं मॅपनिक हे काम हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या प्रणालीकडे सोपवून नीट करत होतं. त्यामुळे काही वर्षं अशी गेली की जुन्या पद्धतीच्या नकाशात मराठी शुद्ध दिसायची आणि नव्यात मोडकी. जोडाक्षरांचे तयार आकार आधीच फाँटमध्ये भरून ठेवण्याचा मार्ग काहींनी काढला आहे, आणि मॅपलिब्रवर काम करणारे हा दोष मुळातून दूर करण्याच्या प्रयत्नात आहेत. एखादा नवा नकाशा मराठीत उघडला की आधी ‘शिवडी’ आणि ‘महाराष्ट्र’ ही दोन नावं वाचून पाहावी. ती नीट जुळली असतील, तर त्या नकाशाने देवनागरीची बेगमी केली आहे.